मजुरी मागणारा मुलगा

घर सोडून गेलेला मुलगा बऱ्याच वर्षांनी, अन्नाला मोताद झाल्यावर, बापाच्या दाराशी येतो. ही गोष्ट जगातल्या दोन मोठ्या धर्मग्रंथांत आहे. एक लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात. मराठी ख्रिस्ती घरांत ती उधळ्या पुत्राचा दाखला म्हणून लहानपणापासून कानांवर पडते. दुसरी महायान बौद्धांच्या सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या चौथ्या परिवर्तात, ज्याचे नाव अधिमुक्ती. तुलनात्मक धर्माभ्यासात या दोन गोष्टी शेजारी ठेवून वाचण्याची प्रथा जुनी आहे. आणि बहुतेक वेळा निष्कर्ष ठरलेला असतो: बापाची माया अथांग असते, ईश्वर किंवा बुद्ध कोणालाही अंतर देत नाही, सगळे धर्म शेवटी एकच सांगतात.

मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. गोष्ट वाचून व्हायच्या आधीच तो तयार असतो. दृष्टांतकथा ही बोधाला घातलेले आवरण नव्हे. ती साहित्यकृती आहे. ती कोण सांगतो, कोणाला सांगतो, कुठे रेंगाळते, कुठे धावते, काय बोलत नाही आणि कोणत्या क्षणी थांबते, यातूनच ती आपले म्हणणे मांडते. या दोन गोष्टी अशा वाचल्या की त्यांच्यातला एक बारीक, फारसा न चर्चिलेला समान धागा हाती लागतो. दोन्हीकडे मुलाला बापाच्या घरी मुलगा म्हणून जायचे नसते. मजूर म्हणून जायचे असते. या मजुरीचे पुढे काय होते एवढेच धरून चालले, तरी दोन्ही ग्रंथांची वाट कुठे फुटते ते दिसते.

वाचनासाठी लागणारे एक हत्यार आपल्याच घरात आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी सांगितलेले एकशे चौदा दृष्टांत केसोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त लावून ठेवले. त्यातल्या प्रत्येक प्रकरणाची बांधणी तीन पदरी आहे. आधी सूत्र, म्हणजे थोडक्यात मांडलेला सिद्धांत. मग दृष्टांत, म्हणजे गोष्ट. आणि शेवटी दार्ष्टांतिक, म्हणजे गोष्टीतले काय सिद्धांतातल्या कशाशी जुळते त्याचा उलगडा. सूत्र आणि दृष्टांत स्वामींचे, दार्ष्टांतिक केसोबासांचे, असे परंपरा मानते. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कथा एकाची आणि तिचा अर्थ सांगणारा आवाज दुसऱ्याचा, हे तिथे लपवलेले नाही. सांधा उघडा ठेवला आहे. जगातली कोणतीही दृष्टांतकथा हाती घेताना हेच विचारता येते: हिचे सूत्र कुठे आहे, दार्ष्टांतिक आहे का, आणि असेल तर ते कोणाच्या तोंडी आहे?

आधी लूककडे जाऊ. प्रसंग असा. जकातदार आणि पापी समजले जाणारे लोक येशूचे बोलणे ऐकायला गोळा होतात आणि परूशी व शास्त्री कुरकुरतात की हा असल्यांना जवळ करतो, त्यांच्या पंगतीला बसतो. या कुरकुरीला उत्तर म्हणून येशू एकापाठोपाठ तीन गोष्टी सांगतो. शंभर मेंढरांतले एक हरवते. दहा नाण्यांतले एक हरवते. मग दोन मुलांतला एक. शंभर, दहा, दोन: आकडा उतरत जातो आणि नुकसान वाढत जाते. पहिल्या दोन गोष्टींच्या शेवटी येशू स्वतः दार्ष्टांतिक देतो, की पश्चात्ताप करणाऱ्या एका माणसामुळे स्वर्गात असाच आनंद होतो. तिसऱ्या गोष्टीला मात्र असे शेपूट नाही. ती नुसती थांबते. ऐकणाऱ्याला दोनदा उलगड्याची सवय लावून तिसऱ्यांदा तो हातून काढून घेतला आहे.

धाकटा मुलगा बापाच्या हयातीतच वाटणी मागतो. बाप एक शब्द न बोलता मालमत्ता दोघांत वाटून देतो. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे थोरल्याला दुप्पट हिस्सा मिळे, म्हणजे धाकट्याच्या वाट्याला एक तृतीयांश आला असणार. दूर देशी जाऊन तो सगळे उडवतो. दुष्काळ पडतो. तो एकाकडे डुकरे चारायला राहतो. यहुदी श्रोत्यांना हे ऐकूनच किळस आली असेल, कारण डुक्कर त्यांना निषिद्ध. डुकरांपुढच्या शेंगा खाव्यात असे त्याला वाटते, पण त्याही कोणी देत नाही. इतकी वर्षे, इतका प्रवास, इतकी उधळपट्टी, हे सारे लूक मोजक्या वाक्यांत उरकतो. कसली चैन केली, कोणाबरोबर केली, काही नाही. आणि मग एकाएकी कथा मंदावते. मुलगा मनाशी बोलू लागतो आणि आपल्याला त्याचे ते बोलणे पूर्ण ऐकायला मिळते.

त्याचा पहिला विचार भाकरीचा आहे. बापाच्या घरच्या मजुरांनासुद्धा पोटभर मिळून उरते, आणि मी इथे उपाशी मरतो. मग तो बापापुढे काय बोलायचे ते जुळवतो. त्याचे तीन भाग आहेत: मी देवाचा आणि तुमचा अपराधी आहे, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी उरली नाही, मला तुमच्या मजुरांपैकी एक करा. हा खरा पश्चात्ताप की भुकेने सुचवलेली शहाणी मसलत? लूक सांगत नाही. प्रवचनकार सांगतात, आणि ते बहुधा पहिल्या बाजूने कौल देतात. मला वाटते, हे मोकळे ठेवणेच कथेच्या रचनेला लागते. कारण पुढे जे घडते ते या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबूनच नाही.

मुलगा अजून दूर असतानाच बाप त्याला पाहतो, कळवळतो, धावत जातो, गळ्यात पडतो, मुके घेतो. मुलगा पाठ केलेले बोलणे सुरू करतो. पहिला भाग होतो, दुसरा होतो. तिसरा येतच नाही. मजुरांपैकी एक करा, हे वाक्य ओठांवर यायच्या आत बाप नोकरांकडे वळून बोलू लागलेला असतो: उत्तम झगा आणा, बोटात अंगठी घाला, पायांत जोडे घाला, पुष्ट वासरू कापा. बाप त्याच्या बोलण्याला उत्तर देत नाही, क्षमा केली असेही म्हणत नाही. तो फक्त मध्येच बोलतो. आपण ते तीन भागांचे बोलणे काही ओळींपूर्वीच पुरते ऐकले आहे, म्हणून गाळलेला तिसरा भाग आपल्याला ऐकू येतो. कथेतला सर्वांत मोठा क्षण एका न उच्चारलेल्या वाक्यात आहे.

या जागी काही अतिशय जुन्या ग्रीक हस्तलिखितांत एक मौजेचा फरक सापडतो. तिथे मुलगा परत आल्यावर तिन्ही भाग म्हणतो; मजूर करून घ्या हे वाक्यही म्हणतो. विद्वानांचे बहुमत असे की ही लेखनिकांची भर आहे. ठरवलेले बोलणे आणि प्रत्यक्ष बोललेले बोलणे जुळत नाही, हे पाहून कुणा नकलकाराला वाटले की ओळ राहून गेली, आणि त्याने वरून पाहून ती भरली. त्याचा हेतू प्रामाणिकच होता. पण या भरतीने कथेचा जीव जातो: मुलगा अर्ज पुरा करतो आणि बाप तो ऐकून मग निर्णय देतो. एका ओळीने बाप न्यायाधीश होऊन बसतो. रूपाकडे लक्ष नसले की काय बिघडते याचा यापेक्षा नेमका पुरावा मला माहीत नाही.

इथे गोष्ट संपली असती तर ती गोडच राहिली असती. पण एका माणसाला दोन मुलगे होते, असे सांगून ती सुरू झाली होती. थोरला शेतात होता. घराजवळ येताच त्याला गाणेबजावणे ऐकू येते. तो आत जात नाही. एका नोकराला बोलावून चौकशी करतो. कारण कळल्यावर रागावतो आणि बाहेरच उभा राहतो. आता बाप दुसऱ्यांदा घराबाहेर येतो आणि त्याची मनधरणी करतो. थोरल्याचे बोलणे म्हणजे हिशेब आहे. इतकी वर्षे गुलामासारखा राबलो, एक आज्ञा मोडली नाही, मित्रांबरोबर मौज करायला कधी एक करडूसुद्धा मिळाले नाही. आणि हा आला तर वासरू. धाकट्याला तो भाऊ म्हणत नाही, बापाचा मुलगा म्हणतो. त्याने वेश्यांवर पैसा उधळला असा आरोप करतो, जो कथेत तोवर कुणीच केलेला नाही. बापाला हाकसुद्धा मारत नाही.

मजुरी इथे परत येते. धाकट्याला मजूर व्हायचे होते आणि त्याला होऊ दिले नाही. थोरला मुलगा असूनही इतकी वर्षे स्वतःला राबणाराच समजत होता, फक्त त्याने पगार मागितला नव्हता. घरातून न गेलेला मुलगासुद्धा घरात नव्हता. बाप त्याला लेकरा म्हणतो, तू नेहमी माझ्यापाशी आहेस आणि माझे सारे तुझेच आहे असे सांगतो, आणि ‘तुझा मुलगा’ हे शब्द उलटवून ‘तुझा भाऊ’ करतो. थोरल्याचे गाऱ्हाणे पोकळही नाही. वाटणी झालेली आहे; उरलेले सगळे त्याचे; म्हणजे कापलेले वासरूही हिशेबाने त्याच्याच वाट्यातले. हे मान्य करूनच बाप विनवणी करतो. आणि गोष्ट थांबते. थोरला आत गेला का? लूक सांगत नाही.

आता सद्धर्मपुंडरीक. या ग्रंथाची रचना थराथराने झाली. इसवी सन २८६ मध्ये धर्मरक्षाने त्याचे चिनी भाषांतर केले आणि ४०६ मध्ये कुमारजीवाने केलेले भाषांतर पूर्व आशियात सर्वांत जास्त वाचले गेले. आपली गोष्ट त्यात दोनदा येते, आधी गद्यात आणि मग गाथांमध्ये. तिथेही मुलगा तरुणपणी बापाला सोडून जातो. का गेला, भांडून गेला की काय, काहीच कळत नाही. वाटणी नाही, उधळपट्टी नाही, पाप नाही. तो नुसता भटकतो: दहा वर्षे, वीस वर्षे, पन्नास वर्षे. बाप त्याला शोधत एका नगरात स्थिरावतो आणि अफाट श्रीमंत होतो. पोटासाठी कामे मागत गावोगाव हिंडणारा मुलगा एके दिवशी योगायोगाने त्याच वाड्यासमोर येतो.

बाप सिंहासनावर बसलेला आहे, भोवती ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य, रत्ने, फुले, छत. बाप त्याला पाहताक्षणी ओळखतो. मुलगा बापाला ओळखत नाही. इथे दोन्ही कथांची वाट फुटते. लूकमध्ये मुलाला बाप कोण ते पक्के ठाऊक आहे, स्वतःची लायकी गेली असे त्याला वाटते. इथे मुलाला तो बाप आहे हेच ठाऊक नाही. त्याला वाटते हा राजा असावा किंवा राजासारखा कुणी. इथे उभे राहिलो तर धरून वेठीला लावतील. त्यापेक्षा गरिबांच्या गल्लीत बरे, तिथे अन्नवस्त्र सहज मिळेल. तो पळ काढतो.

बापाची पहिली प्रतिक्रिया लूकच्या बापासारखीच आहे. तो माणसे धाववतो, त्याला आणा म्हणतो. आणि हे साफ फसते. माणसे पकडतात तसा मुलगा ओरडतो की मी काही अपराध केला नाही. आता मारणार या भीतीने बेशुद्ध पडतो. बाप त्याच्या तोंडावर पाणी शिंपडायला सांगतो, सोडून द्यायला सांगतो, आणि हा माझा मुलगा आहे हे कोणालाही सांगत नाही. लूकच्या कथेत जे धावणे सगळे काही सावरते, तेच इथे माणूस मारायला निघते. प्रेम तेवढेच आहे; मुलगा ते झेलू शकत नाही.

मग बाप योजना आखतो. कळाहीन दिसणारी दोन सामान्य माणसे त्याच्याकडे पाठवतो. त्यांनी सांगायचे: अमक्या वाड्यात घाण उपसायचे काम आहे, मजुरी दुप्पट, आम्हीही तुझ्याबरोबर करू. मुलगा लगेच तयार होतो. कुमारजीवाच्या भाषांतरात तो मजुरी आधी हातात घेतो आणि मग कामाला लागतो. इतका तपशील तिथे जपलेला आहे. बाप खिडकीतून त्याला पाहतो, धुळीने माखलेला, वाळलेला. एके दिवशी तो स्वतःचे हार, दागिने, तलम वस्त्रे उतरवतो, मळके कपडे घालतो, अंगाला धूळ लावतो, हातात पाटी घेतो आणि मजुरांत जाऊन मिसळतो. हळूहळू बोलणे वाढवतो. इथेच राहा, दुसरीकडे जाऊ नको, मजुरी वाढवून देईन, पीठमीठ, भांडी लागतील ती माग. तू इतर मजुरांसारखा कामचुकार नाहीस. आजपासून तू मला मुलासारखाच. मुलाला बरे वाटते, पण तो स्वतःला मजूरच समजतो आणि वीस वर्षे घाण उपसत राहतो.

वीस वर्षे! ज्या गोष्टीला लूक एका श्वासाएवढी जागा देत नाही तिच्यावर हे सूत्र सर्वांत जास्त वेळ घालवते. मुलगा वाड्यात निःशंक ये-जा करू लागतो, पण राहतो बाहेरच्या गवती झोपडीतच. बाप आजारी पडतो तेव्हा सगळा खजिना, येणीजाणी, कोठारे त्याच्या हवाली करतो. मुलगा चोख व्यवहार बघतो आणि त्यातले घासभरही आपले मानत नाही. झोपडी सुटत नाही. अखेर मरणकाळी, मुलाचे मन मोठे झाले आहे हे ओळखून, बाप नातलग, नगरातले लोक आणि राजा यांच्यासमोर जाहीर करतो की हा माझाच मुलगा, हे सगळे याचेच. मुलगा चकित होतो: न मागता एवढा ठेवा मिळाला.

म्हणजे एकीकडे मजुरीची मागणी तोंडातून बाहेरही पडू दिली जात नाही, आणि दुसरीकडे तीच मागणी वीस वर्षे पुरवली जाते, वाढवून पुरवली जाते. एका बापाला मुलाचे स्वतःबद्दलचे मत ऐकायचेच नाही. दुसरा बाप ते मत खरे मानून चालतो, त्याच्या पातळीवर उतरतो, वेषांतर करतो, सत्य लपवतो. बौद्ध परंपरेत याला उपायकौशल्य म्हणतात. लूकमधला दोष अपराधाचा आहे आणि तो एका मिठीत मिटू शकतो. इथला दोष स्वतःला हलके समजण्याचा आहे आणि मिठीने तो वाढतो. म्हणून इथे क्षमा हा शब्दच नाही, कारण क्षमा करण्याजोगे काही घडलेलेच नाही. हा फरक ज्या वाचनात हरवतो ते वाचन कितीही सद्भावनेचे असो, दोन्ही ग्रंथांवर अन्याय करते.

दोन्ही घरांत आई नाही, हे जाता जाता सांगायला हवे. मालमत्ता, वारसा, मजुरी यांच्या भाषेत नाते मांडायचे ठरवल्यावर कथाकारांना बापच पुरेसा वाटला असावा. मला ती उणीव दर वाचनात टोचते.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: सांगतो कोण? लूकमध्ये गुरू सांगतो आणि टीकाकार ऐकतात. सद्धर्मपुंडरीकात ही गोष्ट बुद्ध सांगत नाही. सुभूती, महाकात्यायन, महाकाश्यप आणि मौद्गल्यायन हे म्हातारे झालेले थोर शिष्य ती सांगतात, आणि ऐकणारा बुद्ध आहे. आदल्या परिवर्तात शारिपुत्राला तू पुढे बुद्ध होशील असे वचन मिळालेले असते. ते ऐकून हे चौघे उठतात आणि म्हणतात की आम्ही निर्वाण मिळाले असे समजून थांबलो होतो, बुद्धत्वाची इच्छाही केली नव्हती. मग गोष्ट सांगतात आणि दार्ष्टांतिकही स्वतःच देतात: श्रीमंत बाप म्हणजे तथागत, मुलगा म्हणजे आम्ही, आणि निर्वाण ही आमची दिवसाची मजुरी, जी घेऊन आम्ही खूश होतो.

एवढे ध्यानात आले की दोन्ही शेवटांचे कारण उलगडते. लूकची कथा अर्धी सोडलेली आहे, कारण थोरला मुलगा ऐकणाऱ्यांत बसलेला आहे. परूश्यांनी जकातदारांच्या पंगतीबद्दल कुरकुर केली. थोरल्याने भावाच्या पंगतीबद्दल. शेवट सांगणाऱ्याच्या हातात नाहीच. बौद्ध कथेचा शेवट मात्र पूर्ण असावा लागतो, कारण सांगणारा स्वतःच मुलगा आहे. वारसा मिळाल्यानंतरच तो ही गोष्ट सांगू शकतो. झोपडीत असताना त्याला ती ठाऊकच नव्हती. एका कथेत श्रोता पात्र आहे, दुसरीत निवेदक पात्र आहे.

यात डावही आहे, आणि तो डोळे उघडे ठेवून पाहिला पाहिजे. सद्धर्मपुंडरीक हा महायानी ग्रंथ. श्रावकांच्या जुन्या मार्गाला घाण उपसण्याची मजुरी ठरवायचे आणि ते श्रावकांच्याच सर्वांत आदरणीय स्थविरांच्या तोंडून वदवायचे, ही वादातली मोठी चतुर चाल आहे. थेरवादी वाचकाला ती बोचली तर त्यात नवल नाही. लूकच्या परूश्यांचेही तसेच. ते वादातून रंगवलेले चित्र आहे. त्यावरून त्या काळच्या परूश्यांचा इतिहास लिहिता येणार नाही. दोन्ही कथा प्रेमाच्या आहेत आणि दोन्ही घरातल्याच प्रतिपक्षाला उद्देशून आहेत.

दार्ष्टांतिक नसलेल्या जागेत लोक आपले दार्ष्टांतिक भरतात, आणि लूकच्या वाट्याला हे फार आले. प्राचीन ख्रिस्ती भाष्यकारांनी धाकटा म्हणजे परराष्ट्रीय, थोरला म्हणजे यहुदी, वासरू म्हणजे ख्रिस्त, असे प्रत्येक वस्तूचे जोड लावले. बौद्ध कथेला असे जोड शोभतात, कारण तिने ते स्वतःच लावले आहेत. लूकच्या कथेत ते बाहेरून आले आणि थोरल्यावरचा राग शतकानुशतके खऱ्या यहुदी माणसांवर निघाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन अभ्यासक आडोल्फ युलिखर यांनी या तपशीलवार रूपकवाचनाला जोरदार हरकत घेतली. पण त्यांनी दुसऱ्या टोकाला जाऊन प्रत्येक दृष्टांताचा एकच व्यापक बोध असतो असे ठरवले, आणि मग कथेतली ती तुटलेली तिसरी ओळ, ते न मिळालेले करडू, पुन्हा नजरेआड झाले.

दुसरी चूक पार्श्वभूमीची माहिती कथेत कोंबण्याची. पौर्वात्य समाजात पोक्त गृहस्थ कधी धावत नसे, म्हणून बापाचे धावणे म्हणजे पत्करलेली अप्रतिष्ठा, असे अनेक पुस्तकांत ठासून लिहिलेले असते. यहुदी असलेल्या, नव्या कराराच्या अभ्यासक एमी-जिल लेव्हाइन यांनी अशा विधानांवर आक्षेप घेतला आहे, आणि मला तो पटतो. हरवलेले लेकरू दिसल्यावर यहुदी बाप धावला तर त्या काळच्या यहुदी श्रोत्याला धक्का बसायचे कारण नव्हते. धक्का शोधायचा तर तो कथेत दाखवता आला पाहिजे. काईन आणि हाबेल, इश्माएल आणि इसहाक, एसाव आणि याकोब: त्या श्रोत्यांच्या ओळखीच्या कथांत धाकट्याची सरशी होते आणि थोरला मागे पडतो. दोन मुलगे म्हणताच त्यांनी तीच अपेक्षा धरली असणार. इथे बाप थोरल्यासाठीही बाहेर येतो. अपेक्षाभंग तिथे आहे, आणि तो मजकुरातच आहे.

आणि उसनवारीचा प्रश्न. इतके साम्य आहे तर एकाने दुसऱ्याकडून घेतले का? मुलगा जातो आणि परततो हे कथानक कुठेही सुचू शकते. तेवढ्याने काही सिद्ध होत नाही. उसने घेतल्याचा माग विषयात नसतो, विनाकारण राहून गेलेल्या खास तपशिलात असतो. लूकची डुकरे, अंगठी, थोरला भाऊ यांतले काही बौद्ध कथेत नाही. तिथली पाटी, खिडकी, गवती झोपडी इकडे नाही. दोन्हीकडे मजुरी आहे, पण ती दोन विरुद्ध कामांना लावलेली. मला तरी या दोघी स्वतंत्रपणे जन्मलेल्या वाटतात, आणि म्हणूनच त्यांची तुलना अधिक मोलाची.

गोष्टीनंतर काय घडते तेही दोन्ही ग्रंथांत वाचायला मिळते आणि ते सहसा कोणी शेजारी ठेवत नाही. लूकमध्ये येशू शिष्यांकडे वळून एका लबाड कारभाऱ्याची गोष्ट सांगतो, पैशाबद्दल बोलतो, आणि मग लूक नोंदवतो की परूशी हे सगळे ऐकत होते आणि त्यांनी त्याची टर उडवली. सद्धर्मपुंडरीकाच्या पाचव्या परिवर्तात बुद्ध महाकाश्यपाला साधुवाद देतो, तुम्ही बरोबर सांगितलेत असे म्हणतो, आणि गोष्टीला गोष्टीनेच उत्तर देतो. एकच ढग सगळ्या जमिनीवर सारखा बरसतो. झाड, झुडूप, गवत ज्याच्या त्याच्या मापाने पाणी घेतात. शिष्यांच्या गोष्टीत एकाच मुलासाठी बापाला मजुरी, वेष आणि वर्षे मोजावी लागली होती. बुद्धाच्या गोष्टीत देणारा काहीच मोजत नाही, माप घेणाऱ्याकडे आहे. शिष्यांचे दार्ष्टांतिक त्याने मान्य केले आणि त्याच वेळी त्यातला हिशेब पुसून टाकला.